चुंबळ हे काय नाव झालं?

"सापाला नाव कशाला ठेवलंस, त्याला ऐकू तरी येतं का? आणि ठेवलंच तर 'चुंबळ' हे काय नाव झालं?"

हाक मारली तर येत नाही, हे आधीच सांगतो. तिला बाहेरून दिसणारे कान नाहीत, जमिनीची थरथर लगेच कळते, खालच्या पट्टीतले काही आवाजही कळतात, पण हे आपलं नाव आहे असं तिला कधी वाटलंय, असं मला दोन वर्षांत एकदाही दिसलं नाही. आज उंदीर मिळणार की नुसतं हातात घेणार, हेही मी नावाने नाही सांगत, आधी हुकने अंगाला हलकं टेकवतो, मग तिला कळतं की आज जेवण नाही. म्हणजे नाव वापरणार कोण, तर आई, शेजारी, वॉचमन, डॉक्टर. त्यांच्या तोंडात काय शोभेल ते बघायचं.

हे मला जरा महागात कळलं. ती बॉल पायथन आहे, मूळची आफ्रिकेची अजगराची छोटी जात, आधीच्या मालकाकडून कागदपत्रांसकट घेतली आणि PARIVESH या सरकारी पोर्टलवर रीतसर नोंद केली. (आपल्याकडचा साप, अगदी बिनविषारी धामणसुद्धा, १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे घरी पाळता येत नाही, तो विचार डोक्यातून काढूनच टाका.) आली तेव्हा जाडजूड अंग, आखूड शेपटी, म्हणून मी लाडाने "मांडू" म्हणायला लागलो. इंदिरानगरची आमची सोसायटी, भिंती पातळ. पंधरा दिवसांत वॉचमनने कुणाला तरी सांगितलं की तिसऱ्या मजल्यावर मांडूळ आहे, आणि एका संध्याकाळी दोन अनोळखी माणसं दारात, "वजन किती भरतं दादा?" मांडुळाच्या नावाने गुप्तधनाचे आणि करोडोंचे काय धंदे चालतात ते माहितीच असेल. दारातूनच कटवलं त्यांना, आणि मांडू त्या रात्रीपासून बंद.

मग घरात सूचनांचा पाऊस. भाऊ म्हणे किलर ठेव. आता किलर म्हटलं की येणारा पाहुणा आधीच दोन पावलं मागे, आणि हिला तर हातात घेतलं तरी मनगटाभोवती वळसा घालून गप्प बसते. समोरच्या काकू नागोबा म्हणायला लागल्या आणि नागपंचमीला वाटीभर दूध घेऊन आल्या, साप दूध पीत नाही हे त्यांना समजावता समजावता चहा त्याच दुधाचा झाला.

मी पण ठरवलं, महिनाभर नावच ठेवायचं नाही, नुसतं बघायचं. हे मात्र तुम्हीही करा. नवीन घरात आलेला साप सुरुवातीला स्वतःसारखा वागतच नाही. पहिल्या आठवड्यात ही जरा हात लावला की घट्ट गोळा व्हायची, डोकं पार आत, मुठीत दाबून वळलेल्या लाडवासारखी, आणि तेव्हा मी लाडूच ठेवणार होतो. बरं झालं नाही ठेवलं, कारण तो गोळा म्हणजे भीती असते, बॉल नाव त्यावरूनच पडलंय. चौथ्या आठवड्यात गोळा सुटला. लपायच्या खोक्यात सैल वेटोळं, मधे जागा मोकळी, सगळ्यात वरच्या वळशावर हनुवटी टेकलेली. आई टाकी पुसायला आलेली, (हो, आईच पुसते काच,) तिने वाकून बघितलं आणि म्हणाली, "अगं बाई, चुंबळ करून बसलीये." डोक्यावर हंडा घ्यायचा तर खाली फडक्याचं जे कडं करून ठेवतात ना, हुबेहूब तेच. भाच्याला ते काय असतं ते टॉवेल पिळून दाखवावं लागलं.

शिवाय शब्द बाईमाणूस, आणि तीही मादीच निघाली. डॉक्टरांनी शेपटीच्या मुळाशी बारीक सळई घालून तपासलं, तीन-चार खवल्यांपर्यंतच गेली, नरात बरीच खोल जाते. हे घरी करू नका, इजा होते. पण लिंग माहीत नसेल तर दोन्हीकडे चालेल असं नाव ठेवा. मित्राचा बिअर्डेड ड्रॅगन जातीचा सरडा आहे, दिव्याखाली अंग पसरून बसतो, मधेच एक हात हळूच वर करून हलवतो, ओट्यावरच्या म्हाताऱ्यासारखा, म्हणून तात्या. गेल्या वर्षी तात्यांनी अंडी घातली. नर जवळ नसतानाही मादी घालते, फलित नसतात एवढंच. तात्या अजून तात्याच आहेत.

आमची आई दिवेलागणीनंतर साप हा शब्द उच्चारत नाही, लांबडं म्हणते नाहीतर जनावर. जानेवारीत नाशिकची थंडी पडली, गरम बाजू ३१-३२ डिग्रीला ठेवूनही हिने तीन आठवडे उंदराला तोंड लावलं नाही. वजन उतरत नव्हतं म्हणून मी काही घाबरलो नाही, डायरीत नुसतं लिहीत गेलो. चौथ्या शनिवारी रात्री साडेनऊला गावाहून आईचा फोन, मी कसा आहे वगैरे काही नाही, पहिला प्रश्न, "चुंबळ जेवली का रे?"