डावा पाय राहिला

गंगापूर रोडजवळच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये आमचा सकाळचा योगवर्ग भरतो. शेवटची दहा मिनिटं शवासनाची. त्यासाठीची पहिली संहिता मी अगदी झोकात लिहिली होती. ‘आपले संपूर्ण शरीर शिथिल करा. मनातील विचार थांबवा. अजिबात हालचाल करू नका.’ आठवडाभर वाचली. मग वर्गातल्या एक काकू चटई गुंडाळताना म्हणाल्या, “अहो मॅडम, तुम्ही ‘करा’ म्हणालात की मला काहीतरी करावंच लागतं. खांदा सैल करायला मी तो आधी आवळते!”

काकूंचं बरोबर होतं. आज्ञा ऐकली की अंग कामाला लागतं. योहानेस शुल्ट्झ या जर्मन डॉक्टरांनी 1932 साली स्वतःची शिथिलीकरणाची पद्धत पुस्तकरूपात मांडली, तिच्यातली वाक्यं ‘उजवा हात जड आहे’ अशा धाटणीची आहेत. हात जड कर, असं त्यात कुणी सांगत नाही. मराठीत तर हे फारच सोपं. ‘तुम्ही’ नाही, ‘आपण’ नाही, कर्ताच गाळून टाकायचा. ‘खांदा सैल करा’ऐवजी ‘खांदा सैल होतोय’. नकारही काढले. ‘विचार करू नका’ म्हटल्यावर गॅस बंद केला का हे आठवतंच.

दुसरी अडचण आपल्या भाषेची. मराठीत अंग मोजायला घ्या: अंगठा, बोट, टाच, घोटा, पोटरी, गुडघा, मांडी, पोट, पाठ, ओठ, हनुवटी. जिकडेतिकडे ट, ठ, ड! मऊ म्हणावं तर मान आणि गाल. एकदा मी टाचेला संस्कृत शब्द शोधला, तर ‘पार्ष्णी’ ऐकून दोघांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. तेव्हापासून शब्द घरचेच ठेवले आणि वाक्याचा शेवट तेवढा लांबवला. ‘टाच टेकली आहे’ हे तुटक वाटतं. ‘टाच… जमिनीवर… निवांत’ म्हटलं की टाचेतला ट कुठल्या कुठे विरून जातो.

आता गती. माझी संहिता आहे जेमतेम सव्वादोनशे शब्दांची. घरी घड्याळ लावून नेहमीसारखी वाचली तर दोन मिनिटांच्या आत संपली. वर्गात तिला आठ मिनिटं लागायला हवीत. म्हणजे बहुतेक वेळ मी गप्पच. पण गप्प बसणं फार अवघड असतं, एक क्षण गेला तरी युग गेल्यासारखं वाटतं. म्हणून कागदावर एक दंड म्हणजे माझा एक श्वास, दोन दंड म्हणजे तीन श्वास, अशी खूण केली:

उजवा तळवा… उघडा । बोटं… आपोआप वळलेली । मनगट… जमिनीनं धरलेलं ॥ कोपर… जड होतंय । खांदा… खाली उतरतोय ॥

हीच वाक्यं, हेच दंड डाव्या हाताला. यात काटकसर चालत नाही, हे मी चुकून शिकले. एकदा कागदाची दोन पानं एकदम उलटली आणि उजव्या पायावरून मी थेट पोटावर आले. मला पत्ताही नाही. वर्ग संपल्यावर एक आजोबा म्हणाले, “ताई, डावा पाय राहिला.” मग आणखी तिघं तेच म्हणाले. एकीला तर दिवसभर तो पाय उसना वाटत होता म्हणे.

जमतंय की नाही, हे चेहऱ्यांपेक्षा पायांवरून कळतं. चवडे बाहेरच्या बाजूला पडले की सुटलं. उभेच राहिले, पापण्या फडफडल्या, सारखा आवंढा गिळला, तर मी घाई केलेली असते किंवा हॉल गार असतो. डिसेंबरात आपल्या नाशकात पहाटेची फरशी कशी असते ते सांगायला नको. पडून राहिलं की अंग निवतं, तेव्हा आधी शाल, मग शब्द. कुणाला श्वासाकडे लक्ष दिल्यावर उलट गुदमरल्यासारखं होतं. त्याला मी श्वासाऐवजी जमिनीचा स्पर्श देते.

उठवतानाही घाई नको. आधी श्वास मोठा, मग बोटांची हालचाल, मग कुशीवर वळून तिथंच पाच श्वास, आणि हाताचा आधार घेऊन बसायचं. एकदम उठलं तर काहींना भोवळ येते.

राहता राहिली घंटागाडी. ऐन शवासनात गाणं लावून ती सोसायटीच्या फाटकाशी येते. पूर्वी मी तिच्यावर आवाज चढवायचे आणि सगळे ताठ व्हायचे. आता तिचीही ओळ कागदावर आहे, पोटानंतर, मानेच्या आधी: ‘बाहेर एक आवाज… जवळ येतोय ॥ जवळ आहे ॥ लांब जातोय ॥’ ज्या दिवशी गाडी येत नाही, त्या दिवशी तीन ओळी उरतात आणि मी मुकाट्यानं नऊ श्वास मोजते.