अण्णांचा दाखला आणि दुसऱ्या शाळेचं कपाट

मुलीच्या जात वैधतेच्या अर्जाला अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, प्राथमिक शाळेचा दाखला जोडला होता. आम्ही ओबीसी, त्यामुळे १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीची नोंद मोलाची, आणि अण्णा पहिलीत बसले जून १९६१ ला. पण दाखल्यावरचा शिक्का पुसट झालेला. जात पडताळणी समितीने त्रुटी काढली : शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा आणा.

शाळा पेठेतली, महापालिकेची. गेलो तर इमारतीवर वेगळीच पाटी. समोरचा चहावाला म्हणाला, "पोरंच राहिली नाहीत ना, मागच्या गल्लीतल्या शाळेत घातली सगळी."

तिथल्या मुख्याध्यापिका बाईंनी लगेच रजिस्टर काढलं. दाखल्यावरचा नोंद क्रमांक १८४३. त्या क्रमांकावर भलत्याच मुलाचं नाव! बाई माझ्याकडे बघायला लागल्या, जणू दाखला मीच घरी छापलाय. खरं तर क्षणभर मलाही घाम फुटला. मग लक्षात आलं की हे रजिस्टर याच शाळेचं. दोन शाळा एक झाल्या तरी जुन्या नोंदींचे क्रमांक बदलत नाहीत, दोन्हीकडे १८४३ असणारच. मला हवं होतं बंद झालेल्या शाळेचं रजिस्टर.

ते बाईंना ठाऊक नव्हतं. मी महापालिकेच्या प्राथमिक शिक्षण विभागात अर्ज दिला : या शाळेचं दप्तर कुणाकडे दिलं ते कळवा आणि विलीनीकरणाच्या आदेशाची प्रत द्या. आवक क्रमांक घेतला. दोन आठवड्यांनी आदेश हातात आला. दप्तर त्याच शाळेकडे, म्हणजे बाईंच्याच कपाटात होतं.

शिपाईकाकांनी खालच्या कप्प्यातून कापडात बांधलेला गठ्ठा काढला. वाळवीने कडा खाल्लेल्या, पण १८४३ शाबूत. नाव, आजोबांचं नाव, जात 'शिंपी', जन्मतारीख आकड्यात आणि अक्षरात, मागच्या रकान्यात शाळा सोडल्याची तारीख. दाखल्याशी तंतोतंत. नाव वेगळं असतं तर मुख्याध्यापिकांनाही ते स्वतःच्या अधिकारात सुधारता येत नाही, उताऱ्यात जसं आहे तसंच उतरतं.

मी एवढंच म्हणालो, "मॅडम, उताऱ्यात मूळ शाळेचं नाव आणि विलीनीकरणाच्या आदेशाचा क्रमांक लिहाल का?" नाहीतर दक्षता पथक किंवा समितीचं पत्र जुन्या पत्त्यावर जाऊन परत येतं, आणि या शाळेत आलं तरी कुणीतरी पुन्हा चुकीचंच रजिस्टर उघडतं. त्यांनी लिहिलं : 'नोंद मूळ शाळेच्या रजिस्टरवरून, पडताळून पाहिली, बरोबर आहे.' खाली सही, आजचा शिक्का, जावक क्रमांक.

निघताना गठ्ठ्यावर मार्करने जुन्या शाळेचं नाव ठळक लिहून दिलं. बाईंनी तो वरच्या कप्प्यात ठेवला.