आयएसबीएनच्या यादीत रेघा घालणे: प्रकाशकाच्या आकड्यापर्यंत

कॅटलॉगच्या यादीत बहुतेक आयएसबीएन सलग तेरा आकडी आहेत, बारकोडवरून जसे आले तसे. त्यांना योग्य जागी जोडरेघा घालण्याचं काम सध्या चालू आहे. सर्वात आधी तो अख्खा रकाना स्प्रेडशीटमध्ये मजकूर म्हणून ठरवून घेतला. नाहीतर तेरा आकडे `9.78E+12` असे दिसू लागतात आणि जुन्या दहा आकडी क्रमांकांचं पहिलं शून्य उडून जातं.

पहिली रेघ सोपी आहे, ती 978 किंवा 979 नंतर येते. त्यापुढे भाषा किंवा देशाचा गट, मग प्रकाशक, मग पुस्तक आणि शेवटी एक तपासणी अंक. गट, प्रकाशक आणि पुस्तक या तिन्ही भागांची लांबी बदलती असते, म्हणून एकाच साच्यात सगळे क्रमांक बसत नाहीत. दोन क्रमांक शेजारी ठेवून बघा:

```
978-0-306-40615-7
978-3-16-148410-0
```

दोन्हीकडे गट एकाच अंकाचा आहे, तरी प्रकाशक एकदा तीन अंकी आणि एकदा दोन अंकी. पहिल्याचा साचा दुसऱ्याला लावला तर `978-3-161-48410-0` तयार होतो. दिसायला त्यात काहीच वावगं नाही. तपासणी अंकही जुळतो, कारण तो फक्त आकड्यांवरून काढतात, रेघांशी त्याचा संबंध नसतो. या कामातली खरी मेख हीच. चुकीची रेघ कोणत्याही बेरजेत सापडत नाही.

त्यामुळे आंतरराष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीची `RangeMessage.xml` ही फाईल लागतेच. गट वेगळा झाला की त्यापुढचे सात अंक घ्यायचे (तपासणी अंक सोडून, कमी पडले तर उजवीकडे शून्यं भरायची) आणि ते त्या गटाच्या कोणत्या पट्ट्यात बसतात ते बघायचं. पहिल्या क्रमांकासाठी ते सात अंक `3064061`. 978-0 या गटात त्यांचा पट्टा असा:

```
<Range>2290000-3689999</Range>
<Length>3</Length>
```

म्हणजे प्रकाशक `306`. उरलेले `40615` पुस्तकाचे. दुसऱ्यात `1614841` हे 978-3 गटाच्या दोन अंकी पट्ट्यात पडतात, म्हणून `16`. स्वतः गटाची लांबीही याच फाईलमधून, याच पद्धतीने निघते.

काही पट्ट्यांपुढे लांबी `0` असते. तो भाग अजून वाटलेला नाही. तिथे अंदाजाने रेघ घालत नाही. क्रमांक सलगच ठेवून पुढच्या रकान्यात खूण करते, कारण असा क्रमांक आला की बहुधा एखादा आकडा चुकीचा टंकलेला असतो किंवा माझ्याकडची फाईल जुनी झालेली असते. पट्टे अधूनमधून वाढतात, म्हणून फाईलची तारीख कॅटलॉगच्या पहिल्याच ओळीत नोंदवली आहे.

आता दहा आकडी क्रमांक उरलेत. त्यांचा तपासणी अंक काढून आधी 978 लावायचं, वरच्याच पद्धतीने रेघा ठरवायच्या, मग 978 काढून मूळ अंक परत ठेवायचा. तो `X` असला तरी तसाच.