ग्रहणाच्या वर्षीचा सारंग

आमच्या गाण्याच्या वर्गाची गुरुपौर्णिमा दरवर्षी संध्याकाळचीच. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक आणि 'दोन शब्द' म्हणून उभं राहून वीस मिनिटं बोलणारे पाहुणे, हे कुठेही असतं तेच आमच्याकडेही. ते सोडून देते. पूजा मात्र आमची जरा वेगळी. चौरंगावर दोन फोटो असतात, गुरुजींच्या गुरूंचा आणि अल्लादिया खाँसाहेबांचा. शाहू महाराजांनी खाँसाहेबांना दरबारी गायक म्हणून इथे ठेवून घेतलं, म्हणून कोल्हापुरात जयपूर घराणं रुजलं. त्यांना पहिला हार घातल्याशिवाय आमच्याकडे तंबोरा उचलत नाहीत. गुरुजी पाय धुवून घेत नाहीत, 'गंध-फूल लावा आणि गाऊन दाखवा,' म्हणतात. वाद्यांनाही हळद-कुंकू लागतं, पण तबल्याच्या खोडाला. एका वर्षी एका उत्साही पालकांनी थेट शाईवर ओलं बोट टेकवलं आणि तबलेवाल्या काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

२०१८ साली मात्र सगळं वेळापत्रक कोलमडलं. २७ जुलैला गुरुपौर्णिमा आणि त्याच रात्री खग्रास चंद्रग्रहण. वेध दुपारी तीनच्या सुमारास लागणार, त्यामुळे पूजा आणि प्रसाद त्याआधी उरकायला हवं, असं घरोघरच्या आज्ज्यांनी ठरवून टाकलं. कार्यक्रम अकरा वाजता घ्यायचा ठरला. हाताशी उरले आठ दिवस, आणि पोरं दोन महिने यमन घोटत होती.

"यमनच म्हणू दे की, लहान हायत," एक पालक म्हणाले. गुरुजी ऐकेनात. भर दुपारी यमन नाही. भरदुपारचा राग वृंदावनी सारंग, तोच बसवायचा. मोठ्या मुलांचं बरं होतं. पावसाळ्यात मल्हार कुठल्याही वेळी चालतो, त्यामुळे ती मियाँ मल्हाराच्या आडोशाला गेली. (मीही त्यांतलीच, कबूल करते.)

वृंदावनी सारंगात गंधार नाही आणि धैवतही नाही. चढताना शुद्ध निषाद, उतरताना कोमल. कागदावर सोपं वाटतं. पण यमनात रुळलेला गळा रिषभावरून वर निघाला की वाटेत गंधार घेतोच. पोरं 'रे म' म्हणायला जायची आणि मध्ये 'ग' डोकवायचा, इतका हळूच की म्हणणाऱ्याला पत्ताही लागायचा नाही. गुरुजींनी बंदिश दोन दिवस बाजूला ठेवली. नुसतं 'नि सा रे, म रे, प म रे, नि सा', शंभर वेळा. रिषभावर थांबायला शिकवलं, कारण या रागाचा जीव तिथे आहे. तिथे नीट थांबलात की गंधाराची आठवण येत नाही, असं त्यांचं म्हणणं. चौथ्या दिवशी कुणाचा 'ग' आला की बाकीची पोरं स्वतःच खिदळायला लागली. तेव्हा कळलं, कान तयार झाले.

त्या दिवशी पाऊस कोसळत होता. दमट हवेत तबल्याची पुडी सैल पडते, सूर उतरतो. तबलेवाले काका तासभर आधी येऊन हातोडीने गजरा ठोकत बसले होते. तंबोऱ्याची खुंटी टिकेना म्हणून तिला खडू फासला.

शेवटून दुसरी एक आठ-नऊ वर्षांची मुलगी होती, नारळाएवढ्या अंबाड्याची. स्थायी चांगली म्हटली. पहिल्या आलापात गंधार लागला. ती थांबली. काकांनी ठेका हलकाच चालू ठेवला. तिने गुरुजींकडे पाहिलंसुद्धा नाही. डोळे मिटले, रिषभावर परत आली, तिथे चांगली लांब थांबली, 'म रे' घेऊन समेवर उतरली. समोर बसलेल्या गुरुजींचा हात मांडीवर नेमका त्याच मात्रेला पडला. मी तंबोऱ्यावर होते, माझी तार चुकली. दरवर्षी मला रडू येतं ते भाषणांना नव्हे, असल्या समेला.

शुक्रवार होता, त्यामुळे नोकरीवाली मंडळी आली नाहीत. "बंधारा पाण्याखाली गेलाय," हे उत्तर मंगळवार पेठेत राहणाऱ्यानेही दिलं! पुढच्या वर्षी, १६ जुलै २०१९ ला, पुन्हा गुरुपौर्णिमेलाच ग्रहण. तेव्हा आम्ही जूनपासूनच सारंग धरला, तरी तो मंगळवार निघाला आणि तीच माणसं गैरहजर.

आलेल्यांचं नाव मात्र काढायलाच हवं. पहाटे फुलं आणणाऱ्या हारवाल्या मावशी, शिऱ्याचं पातेलं रिक्षातून मांडीवर धरून आणणाऱ्या दोघी काकू, पेटीवाले दादा, चपला राखणारा शेजारचा पोरगा, लाइट गेल्यावर बॅटरी लावून देणारे खालचे दुकानदार. आणि सतरंज्या देणारे तालमीतले भाऊ! गेल्या वेळी आभारात त्यांचं नाव राहून गेलं. या वर्षी सतरंज्या मागायला मलाच पाठवलंय.