रदरफोर्ड-गायगर नोंदी, तिसरा टप्पा: शेपटाने घातलेला घोळ

मागच्या टप्प्यात मी मोठ्या समाधानाने लिहिले होते की १९१० च्या अल्फा-कणांच्या नोंदी प्वासाँ वितरणाशी जुळतात, काय-स्क्वेअर २२.७८ येतो, १४ स्वातंत्र्यमात्रांसाठी पाच टक्क्यांची सीमा २३.६८ आहे, म्हणजे गाडी थोडक्यात का होईना, पार झाली. ते विधान मागे घेण्यासाठी हा टप्पा लिहीत आहे. निष्कर्ष शेवटी तोच राहिला. मात्र तो ज्या दोन चुकांच्या खांद्यावर उभा होता, त्या एकमेकींना झाकत होत्या आणि त्यातली एक काढताच सगळा डोलारा कोसळला. घोड्यांच्या लाथांनी मेलेल्या प्रशियन सैनिकांच्या नोंदींत हे कधी जाणवले नाही, कारण तिथे शेपूट, म्हणजे मोठ्या संख्यांचे विरळ टोक, चार-पाच वर्गांतच संपते.

ज्यांच्याकडे जुने टिपण नाही त्यांच्यासाठी नोंदी पुन्हा देतो. पोलोनियमपासून निघणारे कण झिंक सल्फाइडच्या पडद्यावर ज्या ठिणग्या उमटवत, त्या साडेसात सेकंदांच्या २६०८ कालखंडांत मोजल्या गेल्या. शून्य ठिणग्यांचे ५७ कालखंड, एका ठिणगीचे २०३, आणि पुढे क्रमाने ३८३, ५२५, ५३२, ४०८, २७३, १३९, ४५, २७, १०, ४, ०, १, १. शेवटचा आकडा चौदा ठिणग्यांच्या एकमेव कालखंडाचा आहे आणि या टप्प्याचा खलनायकही तोच आहे. एकूण ठिणग्या १००९७, म्हणून सरासरी λ = ३.८७१५.

पहिली चूक एका मित्रांनी फोनवर पकडली. त्यांनी एवढेच विचारले, “अहो, हा लॅम्डा तुम्ही कुठून आणलात?” मी म्हणालो, “याच नोंदींवरून.” “मग त्याची किंमत मोजलीत का?” मी मोजली नव्हती. पंधरा वर्ग होते, त्यातून एक वजा करून मी १४ धरले होते. तो एक वजा होतो, कारण निरीक्षित आणि अपेक्षित संख्यांची बेरीज सारखीच, २६०८, असावी लागते, आणि त्यामुळे चौदा फरक कळले की पंधरावा आपोआप ठरतो. पण λ सुद्धा नोंदींवरूनच काढला, म्हणजे प्रतिमानाला नोंदींच्या सरासरीवर नेऊन बसवले. फरकांवर हे दुसरे बंधन आले आणि त्यांची मोकळीक आणखी एकाने घटली. पिअर्सन यांनी १९०० मध्ये ही चाचणी मांडली तेव्हा ही दुसरी वजाबाकी त्यांच्या मांडणीत नव्हती. ती फिशर यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिली. त्यामुळे मला माझ्या चुकीची फारशी लाज वाटली नाही, पण राग मात्र आला, कारण १५ − १ − १ = १३ मात्रांसाठी सीमा २२.३६ आहे आणि माझा आकडा २२.७८. कालपर्यंत जुळणारे वितरण आज नामंजूर झाले.

पुढचे दोन रविवार यातच गेले. आधी अपेक्षित संख्या हाताने पुन्हा काढल्या. त्या बरोबर होत्या. मग प्रत्येक वर्गाचा वाटा, म्हणजे फरकाचा वर्ग भागिले अपेक्षित संख्या, एका स्तंभात मांडला, आणि तेव्हा खरे चित्र दिसले. हे काम मी मागच्याच टप्प्यात करायला हवे होते. एकूण बेरीज पाहून समाधान मानण्याची सवय वाईट आहे. २२.७८ पैकी ७.५५ एवढा वाटा केवळ चौदा ठिणग्यांच्या वर्गाचा होता. तिथे अपेक्षित संख्या ०.१०६ आणि निरीक्षित संख्या १. फरक एका कालखंडापेक्षाही कमी, पण भागाकार इतक्या लहान संख्येने की उत्तर फुगते. काय-स्क्वेअर सारणीमागचे गृहीतक असे की प्रत्येक वर्गातील फरक साधारण घंटाकृती वितरणाने पसरतो. जिथे अपेक्षा एका दशांशाची आहे तिथे निरीक्षित संख्या बहुतेक वेळा शून्य येणार, क्वचित एक येणार. घंटेचा आकार तिथे कुठून यायचा? एका निरीक्षकाला १९१० साली साडेसात सेकंदांत चौदा ठिणग्या दिसल्या, म्हणून २६०८ कालखंडांचा निकाल फिरावा, हे चाचणीचे काम नव्हे.

त्यातच दुसरी चूक सापडली, आणि ती सर्वस्वी माझी होती. शेवटचा वर्ग मी ‘चौदा’ असा धरला होता. तो ‘चौदा किंवा अधिक’ असा हवा. प्वासाँ वितरणाला वरची मर्यादा नाही, त्यामुळे पंधरा, सोळा आणि पुढच्या शक्यता कुठेतरी मोजल्या गेल्या पाहिजेत, नाहीतर अपेक्षित संख्यांची बेरीज २६०८ होत नाही, माझी २६०७.९६ होत होती. सर्वांत संताप याचा की R ने मला हे सांगितले होते. chisq.test ने probabilities must sum to 1. असे म्हणून काम थांबवले होते आणि मी rescale.p = TRUE लावून त्याचे तोंड बंद केले होते. शेवटचा वर्ग उघडा ठेवल्यावर तिथली अपेक्षा ०.१४२ होते, एकूण काय-स्क्वेअर २०.४३ वर उतरतो आणि १३ मात्रांच्या सीमेखाली येतो. पण हा दिलासाही पोकळ आहे, कारण ०.१४२ ही अपेक्षासुद्धा भागाकाराच्या लायकीची नाही.

म्हणून शेपूट गुंडाळणे आले. पाठ्यपुस्तकी नियम असा की प्रत्येक वर्गात अपेक्षित संख्या किमान ५ असावी. इथे एक गोष्ट नवशिक्यांकडून नेहमी निसटते: नियम अपेक्षित संख्येचा आहे, निरीक्षित संख्येचा नाही. दहा ठिणग्यांच्या वर्गात अपेक्षा ११.३२ आहे, तो एकटा उभा राहू शकतो. अकराच्या वर्गात ३.९९ आहे, तो राहू शकत नाही. म्हणून ‘अकरा किंवा अधिक’ असा एक वर्ग केला: अपेक्षा ५.८०, निरीक्षित ४ + ० + १ + १ = ६. ज्या शेपटाने एवढा गोंधळ घातला, त्याचा एकत्रित वाटा आता ०.०१ सुद्धा नाही. हे पाहून मी चहा ठेवला.

```
x <- c(57,203,383,525,532,408,273,139,45,27,10,6)
lam <- 10097/2608
p <- c(dpois(0:10, lam), ppois(10, lam, lower.tail=FALSE))
E <- 2608*p
X2 <- sum((x-E)^2/E)
pchisq(X2, 12-1-1, lower.tail=FALSE)
```

आता काय-स्क्वेअर १२.९६ आहे. वर्ग बारा, म्हणून मात्रा १२ − १ − १ = १०, सीमा १८.३१ आणि पी-मूल्य सुमारे ०.२३. वर्ग एकत्र केले की मात्रा नव्या वर्गसंख्येवरूनच मोजायच्या. पंधरा वर्गांच्या १३ मात्रा तशाच ठेवून १२.९६ तपासणे म्हणजे स्वतःला फुकटची सूट देणे होय. शेवटच्या ओळीत मात्रा हातानेच लिहिल्या आहेत, कारण तयार फलनावर या बाबतीत विसंबता येत नाही. R चे chisq.test असो की लिब्रेऑफिसचे CHISQ.TEST, तुम्ही λ कुठून आणला हे त्यांना ठाऊक नसते आणि ती वर्गसंख्येतून फक्त एक वजा करतात. माझे मत विचाराल तर या कामासाठी CHISQ.TEST वापरूच नये, CHISQ.DIST.RT वापरावे आणि मात्रा स्वतः द्याव्यात.

शेपूट आणखी कमी गुंडाळले तर काय होते, हेही पाहिले. कॉक्रन यांनी १९५४ मध्ये सुचवले की एकाच शिखराच्या वितरणात टोकाच्या वर्गाची अपेक्षा १ पर्यंत खाली गेली तरी चालते. तसे ‘बारा किंवा अधिक’ धरले तर वर्ग तेरा, मात्रा ११, काय-स्क्वेअर १२.९७ आणि पी-मूल्य ०.३० च्या आसपास. उलट ‘दहा किंवा अधिक’ धरले तर मात्रा ९, काय-स्क्वेअर १२.८७ आणि पी-मूल्य ०.१७. बेरीज जवळपास हललीच नाही, मात्रा हलल्या आणि त्यांच्याबरोबर पी-मूल्य हलले. निकाल तिन्ही वेळा एकच, पण पी-मूल्याच्या दुसऱ्या दशांश स्थळाला कवटाळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

मित्रांच्या प्रश्नाचा एक धागा अजून उरला होता. λ मी शून्य ते चौदा या मूळ नोंदींवरून काढला आहे, एकत्र केलेल्या बारा वर्गांवरून नाही. त्यामुळे दुसरे बंधन बारा फरकांवर तंतोतंत लागू होत नाही. चेर्नॉफ आणि लेमन यांनी १९५४ मध्येच दाखवले की अशा वेळी खरे वितरण १० मात्रांच्या आणि ११ मात्रांच्या मध्ये कुठेतरी पडते. ११ मात्रांची सीमा १९.६८ आहे. आपला १२.९६ दोन्ही सीमांच्या बराच खाली आहे, म्हणून इथे फरक पडत नाही; आकडा १९ आला असता तर झोप उडाली असती.

शेपूट शांत झाल्यावर मात्र खरा दगड वर आला. १२.९६ पैकी ७.७८ एवढा वाटा आता एकट्या आठ ठिणग्यांच्या वर्गाचा आहे: अपेक्षा ६८, निरीक्षित ४५. तिथे अपेक्षा भरपूर आहे, म्हणून हा भागाकाराचा खेळ नव्हे. सात आणि आठ हे वर्ग जोडून पाहिले तर काय-स्क्वेअर ८.०५ वर येतो, पण ती लबाडी आहे: फरक पाहून वर्ग जोडले की चाचणी आपल्याला हवे ते बोलू लागते. जोडणी अपेक्षित संख्यांकडे पाहूनच ठरवावी. म्हणून तो वर्ग आहे तिथेच राहील.

खरे तर पुढच्या टप्प्यात मी दुसऱ्या नोंदींकडे वळणार होतो, पण हे लिहिता लिहिताच बेत बदलला. पाच आणि सहा ठिणग्यांचे वर्ग अपेक्षेपेक्षा भरलेले आणि आठचा रिकामा, म्हणजे नोंदी मधोमध गोळा झाल्या आहेत का? वर्ग न पाडताच तपासता येईल म्हणून प्रचरण काढले: ३.६९६. प्वासाँ वितरणात ते सरासरीएवढे, म्हणजे ३.८७ च्या जवळ हवे. गुणोत्तर ०.९५५, २६०७ मात्रांवर हा फरक अपेक्षेखाली सुमारे १.६ प्रमाण विचलनांचा आहे. नामंजूर करण्याइतका नाही, दुर्लक्ष करण्याइतकाही नाही. एकापाठोपाठ एक उमटलेल्या ठिणग्यांपैकी एखादी निरीक्षकाच्या नजरेतून सुटत असेल, तर गर्दीच्या कालखंडांतली मोजणी आखडेल आणि प्रचरण याच दिशेने घटेल. पण ते कारण या एका आकड्यावरून सिद्ध होत नाही, आणि शंका नोंदी पाहिल्यावर सुचली आहे हेही विसरता येत नाही.

त्यामुळे पुढचा टप्पा अनुकरणाचा. प्वासाँ वितरणातून २६०८ कालखंडांचे दहा हजार कृत्रिम संच काढायचे आणि प्रत्येक संचासाठी λ नव्याने काढायचा. chisq.test मधले simulate.p.value = TRUE इथे चालणार नाही, कारण ते λ पुन्हा काढत नाही. मग काय-स्क्वेअर आणि प्रचरणाचे गुणोत्तर या दोन्हींचे वितरण शेजारी शेजारी मांडायचे. १० की ११ मात्रा, हा वादही तिथेच मिटेल. वर्गांच्या सीमा आजच वहीत लिहून ठेवल्या आहेत: शून्य ते दहा, आणि अकरा किंवा अधिक.