‘येणं’ : 154 मिनिटांवरून 119 वर, शेवटाला धक्का न लावता

‘येणं’ या माझ्या पटकथेचा दुसरा खर्डा मोठ्याने वाचून घड्याळ लावले तेव्हा तो 154 मिनिटे भरला होता. सध्याचा खर्डा 119 मिनिटांवर आला आहे आणि मला तो 110 च्या आसपास थांबवायचा आहे. ‘एक पान म्हणजे एक मिनिट’ हा नियम रोमन लिपीतील ठरावीक टंकाच्या आणि ठरावीक मांडणीच्या पानांवर बेतलेला असल्याने देवनागरीत लिहिणाऱ्याने त्यावर विसंबू नये. संवाद बोलण्याच्या वेगाने वाचून आणि हालचालींच्या जागी खरोखर थांबून मोजलेली वेळच विश्वासाची असते.

ज्यांनी आधीचा खर्डा ऐकलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. इंदूरमधील हुकुमचंद मिल 1991 साली बंद पडली आणि तेथील कामगारांच्या थकबाकीचा प्रश्न 2023 पर्यंत चालला. माझी गिरणी काल्पनिक असली तरी काळ आणि पार्श्वभूमी तीच आहे. त्या गिरणीत हजेरीबाबू असलेले नाना रोज रात्री एका लाल वहीत गिरणीकडून येणे असलेल्या पैशांचा हिशेब लिहितात. शाळेत शिकवणारी त्यांची मुलगी वसू दरमहा पगारातून घरखर्चाचे पैसे देते आणि नाना ते एक शब्दही न बोलता घेतात. शेवटी वसूला ती वही मागच्या बाजूने उघडल्यावर दिसते की नानांनी तिचा प्रत्येक रुपया तारखेसह ‘वसूचे देणे’ म्हणून मांडून ठेवला आहे. सारी पटकथा या क्षणासाठी आहे, म्हणून काटछाटीची सुरुवातही मी तिथूनच केली.

वसू वही उघडते त्या दृश्यापासून उलटे मागे येत मी स्वतःला एवढेच विचारत गेलो, की हे दृश्य लागू पडायला प्रेक्षकाला आधी काय माहीत असले पाहिजे आणि काय बोचलेले असले पाहिजे. माहीत असायच्या गोष्टी तीनच निघाल्या : नाना वही लिहितात, वसू पैसे देते आणि पुण्याचा भाऊ काही देत नाही. बोचायची गोष्ट एकच होती, ती म्हणजे आपल्या देण्याची घरात कुणी दखल घेत नाही हे वसूचे दुःख. जुन्या खर्ड्यात वही सात दृश्यांत येत होती आणि त्यांपैकी बहुतेक दृश्ये पहिलीच माहिती पुन्हा सांगत होती. शेजारच्या काकू ‘काय लिहिता हो एवढं?’ असे विचारतात ते दृश्य आणि वसू भावाजवळ वहीबद्दल कुरकुर करते ते दृश्य, ही दोन्ही त्यामुळे काढताना हात अडखळला नाही.

नानांचे रात्रीचे लिखाण आणि वसूचे पैसे देणे ही दोन स्वतंत्र दृश्ये मात्र मी एकत्र केली. आता वसू पाकीट टेबलावर ठेवून आत जाते, भांड्यांचा आवाज येऊ लागतो, नाना नोटा मोजतात, वही पुढ्यात ओढतात, ती उलटी फिरवतात आणि लिहू लागतात. पुढे कामगारांच्या सभेत तेच नाना तीच वही पुढून उघडून थकबाकीचा आकडा वाचून दाखवतात. वही उलटी फिरवणे हीच खरी पेरणी आहे आणि तिच्यावर कुणीही काही बोलत नाही. प्रेक्षक ती हालचाल पाहतो, पण तिला अर्थ देत नाही, आणि शेवटी वसू वही फिरवते तेव्हा तो अर्थ त्याचा त्यालाच लागतो.

सर्वांत अवघड गेले ते इस्पितळातील दृश्य. ग्लानीत असलेले नाना वही मागतात, वसू त्यांचा हात धरून रडते, आणि खर्डा ऐकणाऱ्यांना ते दृश्य नेहमीच आवडत आले होते. अडचण अशी होती की ते शेवटाच्या इतके जवळ होते की प्रेक्षकाच्या मनातला सगळा दाटलेला भाव तिथेच मोकळा होत असे आणि वही उघडली जाई तेव्हा देण्यासारखे त्याच्याजवळ फारसे उरत नसे. चांगले असूनही ते गेले. मात्र कोणतेही दृश्य काढण्यापूर्वी प्रेक्षकाला फक्त त्यातूनच कळणारी गोष्ट कोणती, हे कागदावर लिहून काढावे. या दृश्यातून वही पत्र्याच्या ट्रंकेत असते हे कळत होते, आणि तेवढे गेले असते तर शेवटी वसू नेमकी ट्रंकच का उघडते हा प्रश्न उरला असता. आता सभेला निघताना नाना ट्रंक उघडून वही काढतात, आणि काम एका ओळीत होते.

न्यायालयाची आणि लिक्विडेटरच्या कार्यालयाची दृश्ये चौदा मिनिटांवरून चारवर आली. तो इतिहास मला कितीही प्रिय असला तरी प्रेक्षकाला पैसे तीस वर्षे आले नाहीत एवढेच कळायला हवे. भावाचे फोन कमी करून अकरा मिनिटे वाचली. एक फोन मात्र ठेवावाच लागला, कारण वहीच्या मागच्या पानांवर फक्त वसूचेच नाव का आहे, याचे उत्तर त्या फोनमध्ये आहे.

दुसऱ्या अर्ध्या भागातील भांडणावर मी जास्त वेळ घालवला. ते पूर्ण काढून एकदा खर्डा वाचून पाहिला, तेव्हा वहीचे दृश्य समजत होते पण लागत नव्हते, कारण माहिती शिल्लक राहून बोच नाहीशी झाली होती. म्हणून भांडण परत आणले आणि सहा मिनिटांचे तीन केले. वसूच्या तक्रारींची लांबलचक यादी काढून एकच ठेवली. त्या दृश्यात पूर्वी ती म्हणत असे, ‘नाना, त्या वहीत माझं नाव तरी आहे का?’ लोकमान्यनगरातल्या वाचनात एका श्रोत्याने या ओळीवरच शेवट ओळखला. आता ती म्हणते, ‘बाहेरच्यांचा पैसा न् पैसा पाठ आहे तुम्हांला, घरचं मात्र काही आठवत नाही.’ बोच तीच राहिली आणि वहीकडे बोट दाखवणे टळले.

अशा वाचनासाठी जुना खर्डा न ऐकलेले श्रोते मिळवणे आवश्यक आहे, कारण जुने श्रोते काढलेल्या दृश्यांची उणीव आठवणीतून नकळत भरून काढतात, आणि लेखक तर काढतोच काढतो. ‘आवडले का’ याऐवजी मी त्यांना विचारतो की वसूने वही उघडली तेव्हा आत काय असेल असे वाटले होते. उत्तर फार आधीच ठाऊक होते असे ते म्हणाले तर पेरणी जास्त झाली, आणि ‘या नोंदी कसल्या?’ असे त्यांनीच उलट विचारले तर ती कमी पडली, असे मी धरतो. शेवटचे दृश्य मात्र मी एका मिनिटाने वाढवले. त्यातला वसूचा संवाद काढला आणि ती पाने उलटत मागे मागे, आपल्या पहिल्या पगाराच्या तारखेपर्यंत जाते, याला वेळ दिला.

नवी अडचण मध्यंतराची आहे. बहुतेक कात्री पहिल्या भागावर चालल्याने मध्यंतर 82 व्या मिनिटावरून 53 व्या मिनिटावर आले आहे आणि दुसरा भाग 66 मिनिटांचा उरला आहे. त्यामुळे राहिलेली नऊ मिनिटे दुसऱ्या भागातूनच काढणार आहे. मोर्चाची तयारी आणि वसूच्या शाळेतील स्नेहसंमेलन ही दोन उपकथानके सध्या माझ्या यादीत आहेत. त्यांपैकी स्नेहसंमेलनातून वसूच्या पहिल्या पगाराचे वर्ष कळते, तेव्हा ते काढण्यापूर्वी ते वर्ष दुसरीकडे कुठे ठेवता येईल हे पाहावे लागेल.