काट्यावरचा संगणक

कापसाचा हंगाम सुरू झाला की यवतमाळ जिल्ह्यातल्या जिनिंगच्या फाटकाबाहेर पहाटेपासून गाड्या लागतात आणि त्या साऱ्या गाड्या एकाच अरुंद जागेतून पुढे सरकतात, ती जागा म्हणजे वजनकाटा. संगणकदुरुस्तीच्या कामानिमित्त माझे राळेगाव परिसरातल्या एका जिनिंगमध्ये जाणे-येणे असते. गेल्या नोव्हेंबरमध्ये सकाळी साडेसातला तिथल्या दिवाणजींचा फोन आला. "भाऊ, काट्याचा कम्प्युटर पुन्हा बंद पडला जी. पंधरा-वीस मिनिटं चालते अन् थांबते."

मी पोचलो तेव्हा बाहेर अकरा ट्रॅक्टर उभे होते. पेटी उघडताच कारण दिसले. मदरबोर्डवरचे तीन कपॅसिटर वरून फुगले होते आणि एकाच्या बुडाशी तपकिरी डाग पडला होता. बोर्ड बदलावा, तर त्या जुन्या प्रोसेसरला चालेल असा बोर्ड आता सहज मिळत नाही. मालकांनी खबरदारी म्हणून महिनाभरापूर्वीच एक नवा जोडणीचा संगणक घेऊन ठेवला होता, पण तो तसाच खोक्यात पडून होता. त्याचे कारण साधे होते. काट्याचे सॉफ्टवेअर ज्याने बसवून दिले त्याचा आता पत्ता लागत नाही, त्याची सेटअप फाइल कोणाकडे नाही, आणि पावत्यांचा क्रम व शेतकऱ्यांची खाती त्याच्याच डेटाबेसमध्ये आहेत. म्हणून नव्याने विंडोज टाकून काही साधणार नव्हते. जुनी विंडोज १० जशी होती तशी उचलून नव्या यंत्रात न्यायची होती.

पहिले काम मी नेहमी करतो तेच केले. जुन्या एसएसडीची हुबेहूब प्रत दुसऱ्या एसएसडीवर माझ्या लॅपटॉपवरून काढली आणि मूळ एसएसडी कागदात गुंडाळून दिवाणजींच्या गल्ल्यात ठेवायला दिली. त्यानंतर जे काही होईल ते प्रतीवर होईल. दोन्ही यंत्रे यूईएफआय पद्धतीने सुरू होणारी होती, त्यामुळे डिस्कच्या विभागणीला हात लावावा लागला नाही.

प्रत नव्या संगणकात लावून बटण दाबले. विंडोजचे चिन्ह आले, खालचे ठिपके दोनदा फिरले आणि निळ्या पडद्यावर `INACCESSIBLE_BOOT_DEVICE` ही अक्षरे उमटली. हे अगदीच अनपेक्षित नव्हते. जुन्या यंत्रात डिस्कचा कंट्रोलर इंटेलच्या रेड पद्धतीवर ठेवलेला होता आणि विंडोज त्याच कंट्रोलरच्या ड्रायव्हरवर सुरू होत असे. नवा बोर्ड एएमडीचा, त्यावरचा कंट्रोलर साध्या एएचसीआय पद्धतीचा. एएचसीआयचा ड्रायव्हर विंडोजमध्ये मुळातच असतो, पण ज्या ड्रायव्हरची त्या यंत्राला गरज नाही त्याला विंडोज सुरुवातीच्या क्षणी उठवत नाही, झोपलेला ठेवते. त्यामुळे बूटलोडरने फर्मवेअरच्या मदतीने कर्नल मेमरीत आणले खरे, पण कर्नलने स्वतः डिस्क वाचायचा प्रयत्न केला तेव्हा त्याच्या हाताशी त्या कंट्रोलरची भाषा जाणणारे कोणी नव्हते. घर तेच, सामान तेच, फक्त दाराची कुलपे बदललेली, असा तो प्रकार होता.

यावर उपाय sysprep. विंडोजमध्येच असलेले हे साधन मुळात एकाच प्रतीवरून पुष्कळ संगणक तयार करणाऱ्यांसाठी आहे. त्यातला 'जनरलाइझ' हा टप्पा विंडोजला तिच्या सध्याच्या यंत्राची ओळख विसरायला लावतो. बसलेल्या उपकरणांच्या नोंदी निघतात, संगणकाचे नाव जाते, त्याचा सुरक्षा-ओळखक्रमांक म्हणजे एसआयडी पुसला जातो, इव्हेंट लॉग आणि रिस्टोअर पॉइंट रिकामे होतात, अॅक्टिव्हेशनची स्थितीही मागे जाते. पुढच्या वेळी संगणक सुरू होतो तेव्हा विंडोज समोर असेल त्या यंत्राकडे नव्याने पाहते आणि स्वतःजवळचे ड्रायव्हर त्याला लावते. वापरकर्त्यांची खाती, त्यांच्या फाइली आणि बसवलेली सॉफ्टवेअरे मात्र जागेवर राहतात. एकाच यंत्राच्या स्थलांतरात एसआयडी बदलण्याचा मला काडीचा उपयोग नव्हता. मला हवी होती ती फक्त जुन्या हार्डवेअरची विस्मृती.

अडचण एवढीच की sysprep त्या विंडोजच्या आत, ती चालू असतानाच चालवावे लागते. यंत्र पूर्ण मेले असते तर हा रस्ता बंद होता. आमचे यंत्र मेले नव्हते, पण पंधरा-वीस मिनिटांत थांबत होते. मी प्रत पुन्हा जुन्या पेटीत लावली, प्रोसेसरवर टेबलफॅन सोडला, नेटवर्कची वायर काढली (नाहीतर मध्येच स्टोअरमधून काहीतरी उतरू लागते) आणि अॅडमिनिस्ट्रेटरच्या कमांड खिडकीत लिहिले:

```
%WINDIR%\System32\Sysprep\sysprep.exe /generalize /oobe /shutdown
```

काही सेकंदांतच विंडोजची तपासणी करता आली नाही, अशी सूचना आली. अशा वेळी ती सूचना पुन्हा पुन्हा वाचण्यात अर्थ नसतो, `C:\Windows\System32\Sysprep\Panther` या फोल्डरातली `setupact.log` ही फाइल उघडून तळापासून वर वाचत जायचे. तिथे एका अॅपच्या नावापुढे `was installed for a user, but not provisioned for all users` असे लिहिले होते. म्हणजे ते अॅप एका खात्यापुरते स्टोअरमधून उतरवलेले होते, साऱ्या यंत्रासाठी नव्हते, आणि अशा स्थितीत sysprep पुढे जात नाही. अॅपच्या नावात सॉलिटेअर हा शब्द होता. मी दिवाणजींकडे पाहिले. ते पावतीपुस्तकाकडे पाहू लागले.

```
Get-AppxPackage *Solitaire* | Remove-AppxPackage
```

त्यांच्याच खात्यातून पॉवरशेलमध्ये ही ओळ चालवल्यावर sysprep मुकाट पुढे गेले आणि सहा-सात मिनिटांनी संगणक बंद झाला. इथे मी चूक केली. डिस्क लगेच काढायला हवी होती, पण हात धुवावेत आणि चहा घ्यावा म्हणून मी फाटकापर्यंत गेलो. तेवढ्यात वीज गेली आणि पाच मिनिटांत परत आली. परतलो तर जुन्या संगणकाचा पंखा फिरत होता आणि पडद्यावर उपकरणे तयार होत असल्याची टक्केवारी चढत होती, ५८, ६१, ६४.

क्षणभर मला काही सुचेना. कोणी बटण दाबले म्हणून विचारले, तर कोणीच दाबले नव्हते. मग आठवले. वर्षभरापूर्वी दिवाणजींना टेबलाखाली वाकायचा त्रास होतो म्हणून मीच बायोसमध्ये वीज परत आली की संगणकाने आपोआप सुरू व्हावे, अशी सोय करून दिली होती. जनरलाइझ केलेली विंडोज पहिल्यांदा जिथे उठते तिथलीच होते, आणि ती नेमकी त्याच फुगलेल्या कपॅसिटरच्या बोर्डावर उठून, त्याच इंटेल कंट्रोलरची नव्याने नोंद करून घेत होती. माझी सकाळची सारी मेहनत ती पुन्हा जुन्या यंत्राच्या नावावर चढवत होती.

सरळ वायर ओढावी असे वाटले होते. ती मी ओढली नाही, कारण हा टप्पा अर्धवट तुटला तर पुढच्या वेळी संगणक अनपेक्षितपणे बंद झाल्याने स्थापना पुढे जाऊ शकत नाही, असे सांगून विंडोज तिथेच अडून बसते आणि ती प्रत बहुधा टाकूनच द्यावी लागते. गल्ल्यात मूळ डिस्क होती, पण पुन्हा प्रत काढण्यात तासाभराहून अधिक वेळ गेला असता. म्हणून फॅन जवळ सरकवून नुसता बसून राहिलो. आठव्या मिनिटाला देश निवडण्याचा पडदा आला.

या पडद्यावर Ctrl+Shift+F3 दाबले की विंडोज खाते न विचारता ऑडिट मोडमध्ये सुरू होते आणि sysprep ची छोटी खिडकी स्वतःच समोर येते. हे ठाऊक नसते तर मी तिथे नवे खाते काढत बसलो असतो. त्या खिडकीत वरच्या यादीतून ओओबीई, म्हणजे पहिल्या वेळच्या स्वागताच्या पडद्यांचा पर्याय निवडला, Generalize च्या चौकटीत टिक केली, खाली Shutdown ठेवले आणि दुसऱ्यांदा जनरलाइझ केले. विंडोज ७ च्या काळात हे तीनपेक्षा जास्त वेळा करताना अॅक्टिव्हेशनची अडचण येई, विंडोज ८.१ पासून मर्यादा १००१ आहे, तेव्हा तिकडची काळजी नव्हती. पंखा थांबताक्षणी भिंतीतली पिन उपटली आणि मगच पेटीला हात लावला.

नव्या यंत्रात ती डिस्क लावली तेव्हा निळा पडदा आला नाही. उपकरणांची टक्केवारी चढली, एकदा रीस्टार्ट झाले आणि पुन्हा देश निवडण्याचा पडदा आला. विंडोज इथे नवे खाते मागतेच, म्हणून नेटवर्कशिवाय एक तात्पुरते स्थानिक खाते दिले; आत गेल्यावर दिवाणजींचे जुने खाते जुन्याच पासवर्डने उघडले आणि काट्याचे सॉफ्टवेअर डेस्कटॉपवर होते तिथेच दिसले. एएचसीआय कंट्रोलरला विंडोजचाच ड्रायव्हर पुरला. ज्या कंट्रोलरचा ड्रायव्हर विंडोजमध्ये मुळातच नसतो, तिथे जनरलाइझ करूनही निळा पडदाच दिसला असता आणि तो ड्रायव्हर आधीच बाहेरून घालून ठेवावा लागला असता.

एवढ्यात हिशेबाच्या खोलीतून निरोप आला की काट्याची नोंद त्यांच्याकडे उघडत नाही. त्यांचा संगणक `\\KATA` या नावाने इथला फोल्डर शोधत होता आणि जनरलाइझनंतर विंडोजने स्वतःला DESKTOP आणि पुढे काही अक्षर-आकडे असे नवे नाव दिले होते. नाव पुन्हा KATA केले, रीस्टार्ट केले, फोल्डर उघडला. नव्या बोर्डाला मागे सीरियल पोर्ट नव्हता, म्हणून काट्याच्या इंडिकेटरची वायर यूएसबी कन्व्हर्टरवर घेतली. तो COM3 म्हणून दिसत होता आणि सॉफ्टवेअर COM1 वर कान लावून होते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या प्रगत सेटिंगमधून क्रमांक बदलल्यावर इंडिकेटरवरचा आकडा पडद्यावरही हलू लागला. अॅक्टिव्हेशन गेले होते, पण मालकांनी विंडोज प्रो ची किरकोळ विक्रीची प्रत घेतली होती आणि तिची की पावतीला लावून ठेवली होती, ती पुन्हा घातली. परवाना जुन्या संगणकासोबत आलेला असता तर तो त्या मदरबोर्डाबरोबरच राहिला असता आणि नवा घ्यावा लागला असता.

दुपारचे पावणेदोन वाजले होते. पहिला ट्रॅक्टर काट्यावर चढला, इंडिकेटरवरचा आणि पडद्यावरचा आकडा दिवाणजींनी दोनदा ताडून पाहिला आणि पावती छापली. मग चष्मा वर करून त्यांनी आधी वजन नव्हे, पावतीचा क्रमांक वाचला. तो कालच्या शेवटच्या पावतीच्या पुढचाच होता. गाडीवाल्याला पावती देऊन ते मला म्हणाले, "भाऊ, ते आपोआप सुरू व्हायचं याच्यात नका ठेवू जी. मी वाकतो."